दोन थेंब मशीनचं तेल

कराडला आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या. दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. अब्बा चाळीस वर्षं त्याच स्टुलावर बसून मशिनी उघडतात, साफ करतात, तेल घालतात आणि परत जोडतात. घरात आमची बोली सरमिसळ, पण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून अब्बांच्या तोंडात इकडची मराठीच जास्त बसलीय, आणि माझ्याही.

मी पुण्यात एका कंपनीत कामाला. काम असं की लोक मिक्सर, पंखे, गिझर यांच्या तक्रारी लिहून पाठवतात आणि आम्ही लिहूनच उत्तरं देतो. फोन नाही, सगळं टायपिंग. दिवसाला शंभरेक लोकांना मी नम्रपणे विचारते की प्लग नीट बसलाय का, भांड्याखाली पाणी सांडलं होतं का, बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का. मुळात माझा स्वभाव नम्र नाही. त्यामुळं पगार मी नम्रतेचाच घेते असं मला वाटतं.

पुण्यात मी सहा वर्षं राहिले आणि सहाही वर्षं मला पुणं पटलं नाही. एका खोलीत तिघी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. अम्मी गेल्यावर मी वरिष्ठ बाईंकडं अर्ज केला की वडील एकटे आहेत, घरून काम करू द्या. बाईंनी तीन महिन्यांची परवानगी दिली, प्रयोग म्हणून; नीट पार पडला तर कायम. अट एकच. लॅपटॉप कंपनीचा, त्यात बिघाड झाला तर तो पुण्याच्या ऑफिसात जमा करायचा, आणि मग मीही तिथंच बसायचं. "घरी मशीन सांभाळता येत नसेल तर ऑफिस आहेच," असं त्या म्हणाल्या होत्या. माझे तीन महिने संपायला नऊ दिवस उरले होते तेव्हाची ही गोष्ट.

वायफायचा डबा दुकानात. आतल्या खोल्यांच्या भिंती जाड, तिथं सिग्नल पोचत नाही. म्हणून मी दुकानातच, अब्बांच्या टेबलाच्या कडेला लॅपटॉप ठेवून बसायची. एका बाजूला उघडी मशीन, दुसऱ्या बाजूला मी. अब्बा ब्रशनं मशिनीच्या पोटातून कापसाचा भुगा काढायचे आणि तो भुगा उन्हाच्या तिरिपीत तरंगताना दिसायचा. दिसायला छान वाटायचं. तो कुठं जाऊन बसतो याचा विचार मी केला नाही. मला कोणी पगार देऊन विचार करायला लावला असता तर केला असता.

आधी एसचं बटण अडखळायला लागलं. दोनदा दाबलं की एकदा उमटायचं. इंग्रजीत एसशिवाय माफीसुद्धा मागता येत नाही, आणि माझं अर्धं काम माफी मागण्याचं. मग मी ते बटण जोरात हाणायला लागले. आठवडाभर मी दाणदाण हाणत होते आणि मनात म्हणत होते की थोडे दिवस, फक्त थोडे दिवस चाल बाबा.

त्या दिवशी माझी पाळी दुपारी दोनची होती. सकाळी दहाला लॅपटॉप उघडून मी कालची राहिलेली दोन उत्तरं पाठवली आणि तो तसाच चालू ठेवून भाजी आणायला मंडईत गेले. लॉक न करता लॅपटॉप सोडू नये असा कंपनीचा नियम आहे. पण दुकानात अब्बांशिवाय होतं कोण?

परत आले तर अब्बा खुशीत होते. हातात पिवळं फडकं.

"बघ तुझं बटन," ते म्हणाले. "लय कुरकुरत हुतं. लोण्यावानी चालतंय आता."

मी पिशवी खाली ठेवली. टेबलावर ते लांब चोचीचं तेलाचं पिचकं होतं, ज्यानं ते मशिनीच्या भोकात तेल सोडतात.

"अब्बा, काय केलंसा?"

"दोनच थेंब. जास्त न्हाई. जे जास्त झालं ते पुसून घेतलं."

मी बसले आणि टाइप करून पाहिलं. एस उमटला नाही. ए उमटला नाही. मग बाकीची अक्षरं दाबली. एकही उमटलं नाही. दहाही बोटं फिरवली, एंटर दाबला, स्पेस दाबली. पडद्यावर ती उभी रेघ लुकलुकत राहिली आणि पुढं सरकली नाही.

इथं मी जे बोलले ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "तुमाला सगळीकडं तेलच सुचतं. उद्या डाळीतबी घालशीला. आता जाते मी पुण्याला, बसा एकटं."

पिचकं उचलून अब्बांनी खणात ठेवलं, खण लावला आणि दाराकडं तोंड करून बसले. गिऱ्हाईक नव्हतं, तरी रस्त्याकडंच बघत होते.

मला भीती लॅपटॉपची नव्हती. पुन्हा ती खोली, पुन्हा त्या दोघी, पुन्हा ती भिंत, हे डोळ्यांसमोर येत होतं. मला जायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते.

मी इतरांना सांगते तेच आधी केलं. बंद करून पुन्हा चालू. पिन मागितला, चार आकडे टाकले, आत गेले. पुन्हा टाइप करून पाहिलं. काही नाही. मग कंपनीच्या तांत्रिक मदतीच्या नंबरला फोन लावला. बारा वाजायला आले होते.

पलीकडं एक मुलगा होता. आवाजावरून माझ्यापेक्षा लहान, आणि माझ्यासारखाच पुढ्यातली यादी बघून बोलणारा. आमचा आवाज आम्ही ओळखतो.

"बंद करून चालू करून पाहिलंत का?"

"पाहिलं."

"कीबोर्डवर काही सांडलं होतं का? पाणी, चहा, काही?"

"नाही," मी म्हणाले.

हे 'नाही' मी रोज वाचते. ज्याच्या मिक्सरमधून चटणी गळते आहे तोसुद्धा लिहितो की काहीही सांडलेलं नाही. मी त्यांना मनातल्या मनात खोटारडे म्हणायची. आता मी त्यांच्यातच जाऊन बसले, आणि तेही अर्ध्या सेकंदात.

तो म्हणाला, "बाहेरचा एखादा कीबोर्ड मिळेल का? यूएसबीचा. तो लावून बघू. तो चालला तर दोष लॅपटॉपच्या कीबोर्डचा, नाही चालला तर दोष आणखी कुठंतरी."

समोर झेरॉक्सचं दुकान आहे, ते चालवणाऱ्या काकू अम्मीच्या मैत्रीण. मी धावत गेले. काकूंनी त्यांचा कीबोर्ड वायरीसकट काढून दिला आणि म्हणाल्या, "बाई, लवकर आण, आधार कार्डवाले थांबल्यात." मी आणून लावला. टाइप केलं. काही नाही.

मी फोनवर म्हणाले, "हाही चालत नाही. म्हणजे लॅपटॉपच गेला ना?"

"अहो, उलट!" तो एकदम यादी सोडून बोलला. "दोन्ही कीबोर्ड एकदम कसे मरतील? आणि मला सांगा, चालू करताना पिन कसा टाकलात?"

"बोटांनी."

"तेच म्हणतोय. आकडे लगेच उमटले?"

उमटले होते. पिनच्या वेळी सगळं नीट चाललं होतं आणि मी त्याकडं लक्षच दिलं नव्हतं. दुसऱ्याला दिवसभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाला स्वतःला प्रश्न पडत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.

"आता एक करा. के अक्षर दाबा आणि दाबूनच ठेवा. सोडू नका."

मी दाबून ठेवलं. एक सेकंद गेला असेल. पडद्यावर के आला.

मी ओरडलेच. रस्त्याकडं तोंड करून बसलेले अब्बा वळले आणि पुन्हा तिकडं वळले.

तो हसत म्हणाला, "फिल्टर कीज चालू झालंय. ज्यांचा हात थरथरतो, चुकून बटणं दाबली जातात, त्यांच्यासाठी ती सोय असते. ती चालू झाली की पटकन दाबलेलं बटण लॅपटॉप मोजतच नाही, दाबून धरलं तरच घेतो. उजव्या बाजूची शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवली की तो विचारतो, चालू करू का? कोणीतरी हो म्हटलंय."

मी फोनवर हात ठेवून विचारलं, "अब्बा, पुसताना लॅपटॉप कुठं धरला हुता?"

अब्बा उठून आले, पण टेबलापासून दोन हात लांबच थांबले. त्यांनी हवेतच दाखवलं. डावा हात पुसणारा, उजवा हात कडेला, अंगठा बरोबर त्या शिफ्टवर.

"आवाज झाला हुता एक," ते म्हणाले. "आणि मदी पाटी आली. इंग्रजी हुती. ती जावी म्हणून मी ते मोठं बटन दाबलं. गेली."

मोठं बटण म्हणजे एंटर. एंटर म्हणजे हो. त्या मुलानं सांगितल्याप्रमाणं मी माउसनं सेटिंग्जमध्ये गेले, ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, आणि फिल्टर कीज बंद केलं. आठ सेकंदांची ती युक्तीही बंद केली, म्हणजे पुन्हा कोणाच्या अंगठ्यानं ते चालू होणार नाही. मग टाइप केलं. अक्षरं धावायला लागली. एवढं हायसं वाटलं की मी काकूंचा कीबोर्ड लगेच देऊन आले आणि येताना त्यांना मिठी मारली. काकूंना काही कळलं नाही, पण त्यांनी मारू दिली.

पण एस अजून मेलेलाच होता, आणि ए तीनदा दाबला की एकदा यायचा.

फोनवरच्या मुलानं कीबोर्डचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, काढून लॅपटॉप परत चालू करायला लावला, म्हणजे तो ड्रायव्हर आपोआप पुन्हा बसतो. बसला, फरक नाही. पडद्यावरचा कीबोर्ड उघडायला सांगितला, माउसनं एकेक अक्षर टिपायचं. त्यात एस टिपला की उमटत होता. म्हणजे लॅपटॉपला एस येतो, फक्त बटण खालपर्यंत पोचत नाही. मी त्या पडद्यावरच्या कीबोर्डानं नमुन्याचं एक उत्तर लिहून पाहिलं. दोन ओळींना सात मिनिटं लागली. एवढ्या वेळात गिऱ्हाईक दुसरा मिक्सर घेऊन येईल.

"काकूंचाच कीबोर्ड लावून काम केलं तर?"

"चाचणीपुरता ठीक. कामासाठी बाहेरचं काही जोडायची परवानगी नाही, तुम्हाला माहीत आहे." तो पुन्हा यादीवर आला. "मग हे हार्डवेअर झालं. मला 'कीबोर्ड बदलणे' लिहावं लागेल. त्याआधी एकच करता येतं. साफसफाई. बंद करून तिरका धरा आणि हवेचा झोत मारा, धूळ असेल तर निघेल. धूळच असेल ना?"

माझ्या तोंडावर आलं होतं की हो, धूळच. पण तेलात भिजलेला भुगा हवेनं निघत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेय. खोटं सांगून मी त्याच्याकडून चुकीचं औषध घेतलं असतं आणि वर त्यालाच नावं ठेवली असती. आमची गिऱ्हाइकं नेमकं हेच करतात.

"तेल आहे," मी म्हणाले. "मघाशी खोटं बोलले. माझे वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. त्यांनी दोन थेंब घातले."

मला वाटलं, संपलं.

"शिलाई मशीनचं तेल?" तो म्हणाला. "आमच्या यादीत पाणी आहे, चहा आहे, सरबत आहे, लहान मुलाचं दूध आहे. हे नाही." आणि तो हसायला लागला. मग मलाही हसू आलं, रडायच्या जवळचं.

तो म्हणाला, "बरं झालं तेल आहे. पाण्यासारखी त्यातून वीज जात नाही, त्यामुळं आत काही जळलेलं नसणार. आतल्या दोन पातळ पडद्यांच्या मधे तेल शिरलं असेल तर मात्र कीबोर्ड बदलावाच लागेल. वरच असेल तर वाचेल. मी तक्रार दोन वाजेपर्यंत उघडी ठेवतो. जे झालं तेच लिहिणार, तेल पडलं, साफ केलं. चालू झालं तर 'चालू' लिहीन. नाही झालं तर मला दुसरं काही लिहिता येणार नाही."

त्यानं जे सांगितलं ते मी मशिनीच्या पावतीच्या पाठीवर उतरून घेतलं. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा. बटणाची टोपी कोपऱ्यातून, प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीनं, हळू उचलायची. धातूचं हत्यार लावायचं नाही. एंटर, शिफ्ट, स्पेस अशी लांब बटणं काढायचीच नाहीत, त्यांच्याखाली तार असते आणि ती परत बसत नाही. खालचं रबर ओढायचं नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं आयपीए म्हणून पातळ स्पिरिट मिळतं, ते कापसाच्या काडीला जरासं लावून पुसायचं. हाताला लावायचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि चिकटा असतो. मग अर्धा तास सुकवायचं.

मोबाइलवाला दोन दुकानं सोडून. त्यानं छोट्या बाटलीत आयपीए ओतून दिलं. साडेबारा वाजले होते. सगळं टेबलावर मांडलं आणि माझ्या बोटांकडं पाहिलं. मी एरवीही सुईत दोरा ओवताना तीनदा चुकते.

या घरात असं काम करू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला मी नुकतंच डाळीतल्या तेलावरून बोलले होते.

"अब्बा," मी म्हणाले.

"मी हात न्हाई लावणार," ते तिकडं तोंड करूनच म्हणाले. "एकदा लावला तेवढा पुरं झाला."

"माझं चुकलं. रागात बोलले. मला जमणार न्हाई हे, तुमीच करा."

ते उठले आणि आत जाऊन साबणानं हात धुऊन आले. अब्बा हात धुतात ते जेवणाआधी, नमाजाआधी आणि नवी मशीन उघडायच्या आधी. स्टुलावर बसून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, पावती दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "यातलं कुठलं बटन तुला लागत न्हाई?"

"का?"

"बिघडलेलं उघडायच्या आदी चांगलं उघडून बघायचं. न्हाईतर कळायचं कसं, काय बिघडलंय?"

कुठलीही अनोळखी मशीन आली की त्यांची हीच रीत. सांगलीहून नवीन बनावटीची मशीन आली की ओळखीच्या कुणाकडची तशीच धड मशीन आधी खोलून बघणार. मी क्यू दाखवला. शर्टाच्या कॉलरमधे घालतात ती प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी घेतली, कोपऱ्यातून सारली, आणि क्यू अलगद निघाला. खाली पांढरी बारीक कैचीसारखी बिजागरी होती आणि मधोमध रबराची टोपी. अब्बा बराच वेळ बघत राहिले. कुठली कड कुठल्या आकड्यात अडकते, कुठली नुसती सरकते, हे त्यांनी बोट न लावता डोळ्यानंच बघितलं. मग क्यू परत बसवला. टक आवाज झाला.

"कळलं," ते म्हणाले.

मग एस. टोपी निघाली तशी खाली राखाडी रंगाचा लगदा दिसला. आमच्याच दुकानातला कापसाचा भुगा, तेल पिऊन बसलेला. बिजागरीभोवती असा दाबून बसला होता की बटण खाली जायला जागाच नव्हती.

अब्बा पट्टी बाजूला ठेवून म्हणाले, "हे तर आपलंच. मशिनीच्या दाताखाली साचतंय तेच. आणि मी आदी साफ करायचं सोडून तेल घातलं. शिकाऊ पोरानं केलं असतं तर मी कान पिळला असता."

लाकडी काडीनं त्यांनी लगदा काढला. काडीला कापूस गुंडाळून, आयपीएत जरा बुडवून, जास्तीचं निथळवून, बिजागरी पुसली, रबराच्या कडेनं पुसलं. काडी काळी झाली की नवी घेतली. एसच्या सहा काड्या गेल्या, एच्या चार. मधे एक बाई फॉल-पिकोची मशीन घेऊन आली, तिला त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तासानं या, नाजूक काम चाललंय." पांढऱ्या फडक्यावर दोन टोप्या ओळीनं ठेवल्या आणि घड्याळाकडं बघून म्हणाले, "आता अर्धा तास."

एक वाजून दहा झाले होते. मी वीस मिनिटांत लावूया म्हणाले. ते न्हाई म्हणाले.

त्या अर्ध्या तासात आम्ही दोघं त्या उघड्या बटणांकडं बघत बसलो. करायला काही नव्हतं, म्हणून बोलणं झालं.

अब्बा म्हणाले, "आठवडाभर तू ते बटन हाणत हुतीस. दाणदाण. मला वाटलं, पोरगी वैतागलीय. हितं माज्यापायी अडकून पडलीय म्हणून राग काढतीय. म्हटलं, बटन तरी हलकं करून द्यावं."

तीन महिने हा माणूस रोज मला म्हणत होता की माज्यासाठी थांबू नगंस, मी एकटा ऱ्हाईन. आणि मी त्याला काहीच उत्तर देत नव्हते, कारण मला वाटायचं की त्याला एकटं राहायला आवडत असेल. अर्जात लिहिलेलं कारण अब्बांनी खरं धरलं होतं, आणि मीही ते कधी खोडलं नव्हतं.

"अब्बा, मी तुमच्यासाठी न्हाई थांबले," मी म्हणाले. "अर्जात तसं लिहिलं, पण खरं न्हाई ते. मला पुण्यात ऱ्हायचं न्हाई. मला हितंच बरं वाटतं. आज ते बटन न्हाई चाललं तर मला जावं लागंल, म्हणून मी एवढी भडकले."

त्यांनी भिंग काढलं आणि माझ्याकडं बघितलं. "खरं?"

"खरं."

त्यांनी भिंग फडक्यावर ठेवलं. घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "अजून अकरा मिन्टं."

एक चाळीसला त्यांनी दोन्ही टोप्या बसवल्या. मी लॅपटॉप चालू केला, पिन टाकला. ए दाबला, आला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. दहा वेळा दाबला, दहाही आले. मग एस दाबला. नाही आला. जोरात दाबला. नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. आतल्या पडद्यांत तेल शिरलं असणार, म्हणजे संपलं. एक पंचेचाळीस.

"बंद कर परत," अब्बा म्हणाले.

"आता काय उपेग हाय?"

"बंद कर म्हंतो ना."

मी बंद केला. त्यांनी भिंग लावलं आणि डोकं टेबलाच्या पातळीला आणून एसकडं कडेनं बघितलं. मग क्यूकडं बघितलं. पुन्हा एसकडं.

"तिरकं बसलंय," ते म्हणाले. "टक आवाज झाला न्हाई ह्याचा. क्यूचा झाला, एचा झाला. गडबडीत मी ऐकलं न्हाई. एक आकडा अडकलाच न्हाई, म्हणून दाबलं की रबराच्या मदल्या जागी येतच न्हाई ते."

त्यांनी टोपी पुन्हा काढली, बिजागरीची एक कड भिंगातून बघत सरळ केली, टोपी ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. टक.

लॅपटॉप चालू व्हायला लागलेली ती मिनिटं मी अब्बांच्या स्टुलाचा पाय धरून काढली. पिन टाकला. एस दाबला. आला. दाबत गेले तशी सगळी ओळ एसनं भरली. मग मी तशीच हसत सुटले आणि रडतही होते. अब्बा विचारत होते, "आला? आला का?" मी नुसतं पडद्याकडं बोट दाखवलं.

दोनला सात मिनिटं कमी असताना मी त्या मुलाला लिहिलं. मुद्दाम एस येणारे शब्द घातले. त्याचं उत्तर आलं की तेल पडलं, साफ केलं, चालू आहे असं लिहून तक्रार बंद करतोय, आणि वडिलांना सलाम सांगा. मी सांगितला. अब्बांनी तो लॅपटॉपकडं बघूनच घेतला.

दोन वाजता माझी पाळी सुरू झाली. पहिलीच तक्रार गिझरची होती. मी लिहायला बसले तेव्हा पाठीमागं काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर अब्बा आतल्या खोलीत, अम्मीची पेटी ठेवतात त्या भिंतीशी, हातात शिंप्याचा टेप धरून उभे होते. पेटी त्यांनी बाजूला केली होती.

"काय करताय?"

"सुताराला बोलवतो उद्या. आणि वायफायची तार आत वडून घेऊ. हितं भुगा येत न्हाई." टेप भिंतीला लावत ते म्हणाले, "आजवर केलं न्हाई, म्हटलं तू जाणार हाईस, कशाला उगं भिंतीला भोकं पाडायची. चार फुटी टेबल पुरंल का?"

गिझरवाला उत्तराची वाट बघत होता. मी त्याला एक मिनिट थांबा म्हणून लिहिलं.

"पाच करा," मी म्हणाले.